पाच हजार पाचशे जास्त गेले, त्यातले तीन हजार परत आले

प्रश्न: मी निवृत्त शिक्षिका आहे. गेल्या सप्टेंबरात एका ऑनलाइन प्लॅटफॉर्मवरून एका फायनान्स कंपनीचे १०० डिबेंचर घेतले. दर्शनी किंमत १,०००, व्याज १०.९५ टक्के, दर १५ जून आणि १५ डिसेंबरला, मुदत १५ डिसेंबर २०२७. किंमत १,०२५ दाखवली होती, पण खात्यातून १,०५,५०० रुपये गेले. डिसेंबरात ५,४९० जमा झाले. भाऊ म्हणतो, वरचे तीन हजार दलालाने खाल्ले. शिवाय व्याज १०.९५ असताना अ‍ॅपवर माझा परतावा ९.८९ का दिसतो? मी फसले का?
– एक वाचक, सातारा

ताई, तुम्ही फसलेल्या नाहीत. मात्र तुमच्या भावाचा संशय अगदीच वाया जाणारा नाही. तो चुकीच्या आकड्यावर गेला आहे, एवढंच.

एक लाखाच्या दर्शनी किमतीवर तुम्ही ५,५०० रुपये जास्त दिले. त्यांतले ३,००० आणि २,५०० हे दोन वेगळ्या जातीचे पैसे आहेत. काँट्रॅक्ट नोटवर, म्हणजे व्यवहाराच्या पावतीवर, ते एकाखाली एक छापलेले असतात, म्हणून सारखे वाटतात. एक रक्कम तुम्हाला परत मिळाली आहे. दुसरी मात्र मुदतीअखेर परत मिळणार नाही.

आधी तीन हजार. उभ्या पिकासकट शेत विकलं, तर पिकाचे पैसे वेगळे धरतात, कारण पेरणी-खुरपणी जुन्या मालकाने केलेली असते आणि कापणी नवा मालक करणार असतो. इथेही तसंच झालं. १५ जूनपर्यंतचं व्याज आधीच वाटून झालं होतं. तुमच्या नावावर हे डिबेंचर, म्हणजे कंपनीने घेतलेल्या कर्जाचे रोखे, आले २३ सप्टेंबरला. मधले १०० दिवस ते दुसऱ्या कुणाकडे होते, पण कंपनी व्याज रोजच्या रोज वाटत नाही. १५ डिसेंबरला ज्याच्या नावावर रोखे असतील, त्याला ती सबंध सहामाहीचं व्याज देते. म्हणून विकणाऱ्याचा १०० दिवसांचा वाटा तुम्ही त्याला आधीच चुकता केला. यालाच अ‍ॅक्रूड इंटरेस्ट, म्हणजे साचलेलं व्याज म्हणतात.

तुमच्या रोख्याचा हिशेब तर बोटांवर होतो. १,००० रुपयांवर १०.९५ टक्के म्हणजे वर्षाला १०९ रुपये ५० पैसे. त्याला ३६५ ने भागलं की दिवसाला बरोबर ३० पैसे. शंभर रोख्यांचे रोज ३० रुपये. १०० दिवसांचे ३,०००. १५ जून ते १५ डिसेंबर १८३ दिवस होतात, त्यांचे ५,४९०, आणि तेवढेच तुमच्या खात्यात आले. त्यांतले ३,००० तुमचेच परत आले आणि २,४९० ही ८३ दिवसांची तुमची स्वतःची कमाई. दलालाच्या खिशात यातला एक रुपयाही गेला नाही.

यावरून आणखी एक गोष्ट कळते. व्याजाच्या तारखेआधी महिनाभर रोखे घेऊन सहा महिन्यांचं व्याज पदरात पाडायची युक्ती काही जण सांगतात. तसं काही होत नाही. पाच महिन्यांचं व्याज तुम्ही घेतानाच मोजून दिलेलं असतं.

पुढचं वेळापत्रक असं आहे: १५ जून २०२६ ला ५,४६०, १५ डिसेंबर २०२६ ला ५,४९०, १५ जून २०२७ ला पुन्हा ५,४६०, आणि १५ डिसेंबर २०२७ ला शेवटच्या ५,४९० सोबत मुद्दल एक लाख. जूनचा हप्ता ३० रुपयांनी कमी दिसला तर घाबरू नका. डिसेंबर ते जून ही सहामाही १८२ दिवसांची असते, आणि सेबीच्या नियमाप्रमाणे कंपन्यांच्या रोख्यांचं व्याज प्रत्यक्ष दिवस मोजून काढतात. सरकारी रोख्यांत महिना ३० दिवसांचा धरतात, म्हणून तिथले दोन्ही हप्ते सारखे असतात. व्याजाचा दिवस सुट्टीचा निघाला, तर पैसे पुढच्या कामाच्या दिवशी येतात आणि त्या जास्तीच्या दिवसाचं व्याज मिळत नाही. मुद्दल परत करायचा दिवस सुट्टीचा असेल, तर उलट आदल्या कामाच्या दिवशी पैसे देतात आणि व्याजही त्या दिवसापर्यंतचंच मिळतं. तुमच्या उरलेल्या चारही तारखा सोमवार ते बुधवारच्या आत पडतात, म्हणजे शनिवार-रविवारची अडचण नाही.

व्याज कुणाला द्यायचं हे रेकॉर्ड डेटला ठरतं. ती व्याजाच्या १५ दिवस आधी असते. समजा तुम्ही हेच रोखे ३ डिसेंबरला घेतले असते. तोवर यादी तयार झालेली, म्हणजे १५ तारखेचे सगळे ५,४९० विकणाऱ्यालाच जाणार. पण ३ ते १५ डिसेंबर हे १२ दिवस रोखे तुमच्याकडे. तेव्हा त्या १२ दिवसांचे ३६० रुपये विकणाऱ्याने तुम्हाला द्यायचे, आणि ते किमतीतून वजा होतात. साचलेलं व्याज उणे दिसतं, ते असं. या पंधरवड्यात व्यवहार करताना डील शीटवर ही वजाबाकी आहे ना, हे जरूर बघावं. पूर्ण साचलेलं व्याजही भरायचं आणि हप्ताही हातचा जायचा, असं झालं तर मात्र खरंच नुकसान आहे.

पूर्वी मी एका दलालाच्या पेढीत हिशेब बघायचो. सगळ्यात जास्त भांडणं मी या किमतीच्या दोन पद्धतींवरून झालेली पाहिली आहेत. तुमच्या प्लॅटफॉर्मने १,०२५ ही क्लीन किंमत दाखवली, म्हणजे साचलेलं व्याज वगळून. काही ठिकाणी ती दर शंभराला १०२.५० अशी लिहितात. पण तेच डिबेंचर शेअर बाजारात शेअरच्या शेजारी विकायला असतात, तिथे पडद्यावरचा भाव व्याजासकट असतो. २३ सप्टेंबरला तिथे १,०५५ दिसले असते आणि कुणी म्हटलं असतं, बघा, तुम्हाला १,०२५ ला स्वस्त मिळाले. दोन्ही एकच. रेकॉर्ड डेट उलटली की बाजारातला भाव जवळजवळ एका हप्त्याएवढा उतरतो. भाव कोसळला म्हणून धास्तीने त्या दिवशी रोखे विकलेली माणसं मी पाहिली आहेत. तुम्ही तसं करू नका.

आता उरलेले २,५००. हे प्रीमियमचे पैसे. मुदत संपली की कंपनी दर रोख्याला १,००० देणार, १,०२५ नाही. मग ही रक्कम गेली कुठे? पुढच्या हप्त्यांतून थोडी थोडी करून ती तुमच्याकडेच येते, फक्त व्याजाच्या नावाखाली. ९.८९ हा आकडा नेमकी हीच गोष्ट मोजतो. त्याला वायटीएम, म्हणजे मुदतपूर्तीपर्यंतचा परतावा म्हणतात.

त्याचा अर्थ असा समजून घ्या. कल्पना करा की एका बँकेत तुम्ही २३ सप्टेंबरला १,०५,५०० रुपये ठेवले आणि वर्षाला ९.८९ टक्के व्याज मिळतं. १५ डिसेंबरला त्यातून ५,४९० काढले, तर खात्यात सुमारे १,०२,२९८ उरतात. जून २०२६ ला ५,४६० काढल्यावर १,०१,७६४. डिसेंबरला १,०१,२०३. पुढच्या जूनला १,००,६१७. आणि शेवटच्या दिवशी व्याज धरून खात्यात बरोबर १,०५,४९० असतात, ते काढले की खातं शून्यावर येतं. ज्या दराने खातं असं नेमकं शून्यावर येतं, तोच दर म्हणजे वायटीएम.

या खात्याकडे नीट बघा. जून २०२६ च्या सहामाहीत खात्यावर व्याज चढेल सुमारे ४,९२७ रुपये, आणि तुमच्या हातात येतील ५,४६०. वरचे ५३३ हे तुमचंच मुद्दल आहे, परत येत असलेलं. तुम्ही हे पैसे घरखर्चाला वापरणार असाल, तर ही गोष्ट तुमच्यासाठी फार महत्त्वाची आहे. सगळा हप्ता व्याज समजून खर्च केला, तर मुदतीअखेर मुद्दल नकळत अडीच हजारांनी आटलेलं असेल. दर हप्त्यातले साडेपाचशे-सहाशे रुपये बाजूला ठेवा. डिसेंबरच्या हप्त्यातले तर तीन हजार अधिक दोनशे ठेवायला हवे होते. खर्च झाले असतील तर पुढच्या हप्त्यांतून हळूहळू भरून काढा.

हा दर स्वतः पडताळता येतो. तुमच्या घरातल्या कुणाला एक्सेल किंवा गूगल शीट येत असेल, तर पहिल्या रकान्यात तारखा, दुसऱ्यात रकमा. तुम्ही दिलेली रक्कम उणे लिहायची:

```
2025-09-23   -105500
2025-12-15      5490
2026-06-15      5460
2026-12-15      5490
2027-06-15      5460
2027-12-15    105490

=XIRR(B1:B6,A1:A6)
```

उत्तर ९.८९ टक्क्यांच्या आसपास येईल. संगणक नसेल तर कागदावरही अंदाज बांधता येतो. २,५०० रुपये सव्वादोन वर्षांत फिटायचे, म्हणजे वर्षाला सुमारे १,१२०. ते १०,९५० मधून वजा केले की ९,८३० उरतात. तुमचे गुंतलेले पैसे १,०२,५०० पासून १,००,००० पर्यंत उतरतात, तेव्हा सरासरी १,०१,२५०. भागाकार ९.७ टक्के येतो.

९.७ आणि ९.८९ मधला फरक चुकीचा नाही. सहामाही व्याजाचा दर दोन तऱ्हेने सांगतात. सहा महिन्यांचा दर काढून नुसता दुप्पट केला, तर तुमचा परतावा ९.६६ टक्के. पहिल्या सहामाहीच्या व्याजावरचं व्याज धरलं, तर ९.८९. XIRR नेहमी दुसरा आकडा देतो. रोख्यावर छापलेले १०.९५ मात्र पहिल्या पद्धतीचे आहेत, दुसऱ्या पद्धतीने ते ११.२५ होतात. म्हणून तुलना करायची तर १०.९५ शी ९.६६ ची, किंवा ११.२५ शी ९.८९ ची. दोन कंपन्यांचे रोखे पाहताना एकाचा एका पद्धतीचा आणि दुसऱ्याचा दुसऱ्या पद्धतीचा दर समोर ठेवला, तर पाव टक्क्याची फसगत ठरलेली आहे. काही जण नुसतं व्याज भागिले किंमत करून १०.६८ टक्के सांगतील. त्यात प्रीमियम बुडणार हे धरलेलंच नाही, तो आकडा सोडून द्या.

आता तुमच्या भावाकडे येतो. अशा प्लॅटफॉर्मवर बहुतेकदा वेगळी दलाली दिसत नाही. ते रोखे कमी भावाने घेतात आणि तुम्हाला जास्त भावाने देतात, मधला फरक त्यांचा. म्हणजे कुणी काही घेतलं असेल तर ते त्या १,०२५ मध्ये आहे, तीन हजारांत नाही. आणि इथे दहा रुपयेही थोडे नसतात. हेच रोखे १,०१५ ला मिळाले असते, तर तुमचा परतावा ९.८९ ऐवजी १०.४ च्या वर गेला असता. मुदत जितकी कमी उरलेली, तितका प्रत्येक रुपया जड. १,०२५ योग्य होते का हे पत्रावरून मला सांगता येणार नाही, पण तुम्हाला बघता येईल. काँट्रॅक्ट नोटवर INE ने सुरू होणारा बारा अक्षरी आयएसआयएन, म्हणजे रोख्याचा ओळख क्रमांक, असतो. एनएसई आणि बीएसई यांच्या संकेतस्थळांवर कंपन्यांच्या रोख्यांचे झालेले व्यवहार भावासह आणि परताव्यासह मिळतात. त्या आठवड्यात याच आयएसआयएनचे मोठे व्यवहार कोणत्या किमतीला झाले ते तुमच्या भावाला शोधायला सांगा. पुढच्या वेळी घेण्याआधीच शोधा.

एक गोष्ट मला तुमच्या पत्रात सापडली नाही आणि ती तुम्ही आजच तपासावी असं मला कळकळीने वाटतं. माहितीपत्रकात कॉल ऑप्शन असा शब्द आहे का? म्हणजे मुदतीआधी, ठरावीक तारखेला, रोखे परत घ्यायचा हक्क कंपनीने स्वतःकडे ठेवला आहे का? तसा हक्क असेल आणि कंपनीने जून २०२६ लाच १,००० रुपयांनी रोखे परत घेतले, तर सव्वादोन वर्षांत फिटायचे २,५०० नऊ महिन्यांत बुडतात आणि तुमचा परतावा ९.८९ वरून ७.४५ टक्क्यांवर येतो. आणि कंपनी हा हक्क नेमका केव्हा वापरते? बाजारातले दर उतरले आणि तिला स्वस्तात कर्ज मिळू लागलं की. दर्शनी किमतीला घेतलेल्या माणसाला याचा फारसा त्रास नाही, प्रीमियम देऊन घेतलेल्याला आहे. अ‍ॅपवरचा परतावा बहुधा शेवटच्या तारखेपर्यंतचाच असतो.

कराचं थोडक्यात. एप्रिल २०२३ पासून डिमॅटमधल्या डिबेंचरच्या व्याजावरही दहा टक्के टीडीएस कापतात. एका कंपनीकडून वर्षाला १०,००० पर्यंत व्याज असेल, तर एप्रिल २०२५ पासून कापत नाहीत. या आर्थिक वर्षात तुम्हाला एकच हप्ता आहे, पुढच्या वर्षी दोन मिळून १०,९५० होतील आणि मर्यादा ओलांडली जाईल. तुमचं उत्पन्न करपात्र नसेल, तर टीडीएस कापू नये असं घोषणापत्र नवीन आर्थिक वर्ष लागताच कंपनीच्या रजिस्ट्रारकडे, म्हणजे रोखेधारकांच्या नोंदी ठेवणाऱ्या संस्थेकडे, द्या. डिसेंबरच्या ५,४९० मधले ३,००० तुम्हीच दिलेले होते, तरी विवरणपत्रात नुसते २,४९० दाखवताना चार्टर्ड अकाउंटंटला विचारा. विजया बँकेच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने खरेदीच्या वेळी दिलेलं व्याज हा खरेदीच्या किमतीचा भाग मानला होता. त्या रीतीने पाहिलं तर पूर्ण ५,४९० उत्पन्नात येतात, आणि ३,००० मुदतीअखेर भांडवली तोट्यात दिसतात. म्हणून कर भरणाऱ्याने व्याज वाटून झाल्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत रोखे घेणं सोयीचं, तेव्हा साचलेलं व्याज नाममात्र असतं.

आणि हे सगळं गणित कंपनी प्रत्येक तारखेला पैसे देईल हे धरून आहे. डीएचएफएल या गृहकर्ज देणाऱ्या कंपनीच्या डिबेंचरधारकांच्या हातातही असंच वेळापत्रक होतं. जून २०१९ मध्ये व्याज थकलं, नोव्हेंबरात रिझर्व्ह बँकेने कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत नेली, आणि अनेकांना मुद्दलाचा एक भागच मिळाला. तेव्हा वर्षातून दोनदा, हप्ता आला की, तुमच्या कंपनीचं पतमानांकन तेच आहे का हे मानांकन संस्थेच्या संकेतस्थळावर बघत जा. एखाद्या रोख्याचा वायटीएम अचानक वीस टक्के दिसू लागला, तर त्याचा भाव पडलेला असतो. तो का पडला हे समजेपर्यंत आणखी रोखे घेऊ नका.

शेवटचं, डिमॅटला जोडलेलं बँक खातं चालू आहे आणि त्याचा आयएफएससी कोड बदललेला नाही, हे मे महिन्यातच बघून ठेवा. पुढचे ५,४६० सोमवारी, १५ जूनला यायचे आहेत. मंगळवार-बुधवारपर्यंत दिसले नाहीत, तर आधी रजिस्ट्रारला लिहा, आणि ईमेलात डिमॅट क्रमांक आणि आयएसआयएन दोन्ही घाला.